पडद्यावर आम्ही कायम कुणाचे तरी आईबाबाच

'सारांश' रिलीज झाला १९८४ साली, तेव्हा त्यातले म्हातारे प्रधान मास्तर झालेला अनुपम खेर होता एकोणतीस वर्षांचा आणि त्याची बायको पार्वती झालेल्या रोहिणी हट्टंगडी तेहतीसच्या. आता ही माहिती सगळ्यांनाच पाठ आहे, क्विझमध्ये विचारतात, आणि लोक कौतुकाने सांगतात की बघा काय अभिनय. अभिनय होताच, वादच नाही. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त खटकते, की मुंबईत तेव्हा साठीचे इतके नट होते, नाटकात काम करणारे, आणि म्हातारपणावरचा आपला सगळ्यात चांगला सिनेमा करायला तिशीतली दोन माणसं लागली. नाटकातही तेच, 'नटसम्राट' १९७० साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर झालेले डॉ. लागू त्रेचाळीसचे होते. म्हणजे म्हातारपण हा आपल्याकडे तरुण नटाने देऊन दाखवायचा पेपर आहे, आणि तो पेपर कुठल्या प्रश्नांचा असतो ते बघितलं की आमच्या वयाच्या प्रेक्षकाला थेटरात स्वतःचं काहीच का सापडत नाही ते कळतं.

मी आता साठीच्या पुढे गेलेय, आणि म्हातारी माणसं पडद्यावर दिसतच नाहीत असं मी म्हणणार नाहीये. दिसतात की, ढिगाने दिसतात. सिरियलीत तर प्रत्येक घरात एक आजी बसवलेली असते, तिला सोफा दिलेला असतो आणि प्रत्येक तिसऱ्या एपिसोडला एक डायलॉग. माझा मुद्दा असा आहे की ही माणसं कुणाच्या नजरेतून दिसतात. जवळजवळ प्रत्येक वेळी ती मुलांच्या नजरेतून दिसतात. आपण त्यांना सांभाळलं की नाही सांभाळलं, आपलं चुकलं का, आपण किती बिझी होतो, आई गेल्यावर आपल्याला कसं वाटलं. सिनेमा लिहिणारा चाळिशीचा असतो, त्याच्या मनात त्याच्या आईबापांबद्दल एक गिल्ट असतं आणि तो ते आमच्या तोंडावर थापतो. आम्ही बघायला जातो आमचा सिनेमा म्हणून आणि बघून येतो त्याचा.

याची वंशावळ काढली तर गंमत वाटते. हॉलिवूडमध्ये १९३७ साली लिओ मॅकॅरीने एक सिनेमा केला होता, 'मेक वे फॉर टुमॉरो', घर गेलेलं म्हातारं जोडपं, मुलं म्हणतात दोघांना एकत्र ठेवणं जमणार नाही, मग एक इकडे एक तिकडे. मराठीत राजा परांजपेंनी १९५४ला 'ऊन पाऊस' केला, शाळामास्तर आणि त्याची बायको, परत तीच ताटातूट. मग १९५८ साली कन्नडमध्ये 'स्कूल मास्टर', १९९८ साली आपल्याकडे संजय सूरकरांचा 'तू तिथं मी', त्याला नॅशनल अवॉर्डही मिळालं, आणि मग २००३चा 'बागबान', जो अजून कुठल्या ना कुठल्या चॅनलवर दर महिन्याला लागतो आणि घरातलं कुणीतरी आपल्याकडे सहेतुक बघतं. थोडंफार इकडचं तिकडे पण मूळ गोष्ट एकच, आईबाप वाटणीला आले.

'बागबान' जरा नीट बघा, मी परवा पुन्हा बघितला, मुद्दाम. अमिताभ तेव्हा खरोखर साठीचा होता, म्हणजे निदान वयाची बोंब तिथे नव्हती. पण बँकेतून रिटायर झाल्यावर हा माणूस जे जे करतो ते सगळं मुलांना दिलेलं उत्तर आहे. तो रडतो ते मुलांमुळे, बायकोशी चोरून फोनवर बोलतो तेही मुलांमुळेच, पुस्तक लिहितो ते मुलांनी काय केलं त्यावर, आणि पुस्तक गाजल्यावर भर कार्यक्रमात जे भाषण करतो तेही मुलांना ऐकवायला. अख्ख्या सिनेमात या माणसाला मुलांच्या पलीकडे एक आवड नाही, एखादा जुना भांडलेला मित्र नाही, मुलांशी संबंध नसलेली एकही चिंता नाही. आणि दुखणं काय, तर नव्या पिढीला किंमत नाही. औषध काय, तर एक चांगला मानलेला मुलगा, सलमान खान. म्हणजे मूल वाईट निघालं तर उपाय दुसरं चांगलं मूल. मुलाशिवाय म्हातारपणाचा विचारच त्या सिनेमाला करता येत नाही.

आता यावर लोक म्हणतील, आणि माझ्याच ओळखीतले म्हणतात, की अहो पण असं घडतंच ना. घडतं, मी नाही कुठे म्हणते. पालकांना मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून देशाला २००७ साली कायदा करावा लागला, त्यात महिना जास्तीत जास्त दहा हजाराची मर्यादा घातली, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावावर केलेलं घर तो सांभाळत नसेल तर परत मिळवायची सोयही त्यात आहे, कलम २३. असा कायदा कुणी हौसेने करत नाही. ज्यांच्यावर ती वेळ आलीये त्यांच्यासाठी 'बागबान' खराच आहे. माझं म्हणणं इतकंच की ती एक गोष्ट आहे, आणि पन्नास वर्षं सिनेमात तीच एक गोष्ट राहिली, बाकीच्या गोष्टींना जागाच मिळाली नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये सात-आठ घरं साठीच्या पुढची आहेत, त्यातल्या एकाही घरात मुलांनी आईबापांना वाटून घेतलेलं नाहीये, घेतील कशी, मुलं इथे आहेतच कुठे. मग त्या घरांमध्ये काय चालतं ते कुणी बघितलंय?

मधल्या काळात दुसरा एक प्रकार आला, तो मला पहिल्याहून जास्त चिडवतो. गोड म्हातारा. तो गॉगल लावतो, शिव्या देतो, बाइकवर बसतो, डोंगर चढतो, नातवाला डेटिंगचे सल्ले देतो आणि थेटरातली तरुण पोरं टाळ्या वाजवतात, किती क्यूट. हाही मुलांच्याच नजरेतला आहे हो, फक्त आता तो त्यांना त्रास न देणारा आहे. पहिल्या म्हाताऱ्याकडे बघून त्यांना वाईट वाटायचं, याच्याकडे बघून सुटल्यासारखं वाटतं की म्हातारपण म्हणजे काही एवढं वाईट नसतं. या म्हाताऱ्याला बीपीची गोळी बदलल्यापासून पाय सुजताहेत असं कधी होत नाही. तो मस्त जगतो आणि शेवटच्या रीळात झोपेत छान मरतो.

'सारांश'कडे परत येते. तो वेगळा का उतरला यावर मी बराच विचार केला, आणि मला वाटतं उत्तर अगदी ढोबळ आहे, त्यात मुलगाच नाहीये. अजय न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून मेलेला आहे आणि सिनेमा तिथून सुरू होतो. मुलगा नाही म्हटल्यावर बघणारा डोळा उरतो तो म्हाताऱ्याचाच. प्रधान अस्थी आणायला कस्टम्सच्या ऑफिसात जातात तो सीन आठवा. तिथे बाहेरून आलेल्या टीव्ही-फ्रिजच्या रांगेत या माणसाला थांबवून ठेवतात, आणि तो जेव्हा फुटतो तेव्हा बिचारा वगैरे वाटत नाही, आयुष्यभर नियमाने वागलेला मास्तर पहिल्यांदा नियम मोडायला निघालाय असं वाटतं. पुढे तर तो माणूस कामाला लागतो. भाडेकरू असलेली सुजाता गरोदर आहे, पोराचा बाप पुढाऱ्याचा मुलगा आहे, पुढारी म्हणजे निळू फुले, तो गुंड पाठवतो, आणि हा शिवाजी पार्कातला म्हातारा त्याच्याशी भिडतो, शेवटी आपलाच विद्यार्थी असलेल्या मुख्यमंत्र्यापर्यंत जाऊन धडकतो. त्याला घाबरायलाही वेळ नाही.

आणि घरात दुसरी लढाई. पार्वतीच्या डोक्यात बसलंय की सुजाताच्या पोटी अजयच परत येणार. प्रधानांचा यावर काडीचा विश्वास नाही. आता हे बघा, नवराबायकोचं भांडण आहे, आणि ते देव आहे की नाही, गेलेला माणूस परत येतो की नाही यावरचं आहे. साठीतल्या जोडप्याला एकमेकांशी इतकं मोठं भांडण देणारा सिनेमा मला तरी दुसरा पटकन आठवत नाही. एरवी आम्ही पडद्यावर साखर कमी घाल आणि मफलर घे यावरच भांडतो. शेवटी प्रधान सुजाताला आणि पुढाऱ्याच्या त्या मुलाला दूर पाठवून देतात, बायकोची आशाच तिच्या हातून काढून घेतात, तिच्या भल्यासाठी, आणि ते बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिशीत बघितला तेव्हा शंभर टक्के प्रधानांच्या बाजूने होते. आता पार्वतीच्या बाजूने आहे, जगू द्यायचं होतं तिला तिच्या समजुतीत, काय बिघडलं असतं. सिनेमा दोन्ही वयात वेगवेगळा दिसतो.

पण मुलाला मारल्याशिवाय बापाला नायक करता येत नसेल तर तेही काही बरं लक्षण नाही. मुलं जिवंत आहेत, बरी आहेत, फोनही करतात, आणि तरी गोष्ट आईची आहे, असं करता येतं का? येतं. ब्राझीलचा 'अॅक्वेरियस' नावाचा सिनेमा आहे, २०१६चा, क्लेबर मेंडोन्सा फिल्यूचा. रेसिफे शहरात समुद्राला लागून एक जुनी बुटकी बिल्डिंग, तिचंच नाव अॅक्वेरियस. तिथे क्लारा राहते, पासष्टची, विधवा, आधी गाण्यांवर लिहायची, घरभर रेकॉर्ड्स. काम केलंय सोनिया ब्रागाने, आणि ती तेव्हा खरंच पासष्ट-सहासष्टची होती. बाकी सगळे फ्लॅट बिल्डरने घेऊन टाकलेत, ही एकटी उरलीये, आणि ही विकत नाही. संपली गोष्ट, एवढंच आहे.

सिनेमा सुरू होतो मात्र १९८०मध्ये, क्लाराच्या लुसियाआत्याचा सत्तरावा वाढदिवस. घर भरलेलं, छोटी पोरं कागदावर लिहून आणलेलं वाचताहेत, आमची आत्या किती शूर, किती प्रेमळ वगैरे, अगदी आपल्याकडे पंच्याहत्तरीला असतं तसं. आत्या ऐकतेय आणि ऐकता ऐकता तिची नजर कोपऱ्यातल्या एका जुन्या लाकडी कपाटाकडे जाते, आणि आपल्याला दिसतं की तरुणपणी त्याच कपाटावर तिने आणि तिच्या माणसाने काय काय केलं होतं. मग परत वाढदिवस, परत टाळ्या. खरं सांगते, मी एकटी होते तरी मोठ्याने हसले. पोरं वाचताहेत त्यांची आत्या आणि ती बसलीये तिच्या स्वतःच्या आयुष्यात, आणि हे दोन्ही एका खोलीत एकाच वेळी चाललंय. मघापासून मी जी मुलांची नजर मुलांची नजर करतेय ना, ती या दिग्दर्शकाने दोन मिनिटांत दाखवून बाजूला ठेवली, त्यांच्यावर न रागावता.

मग पुढे क्लाराच्या मुलांचंही तेच. तिन्ही मुलं चांगली आहेत, ती म्हणतात आई घर विकून टाक, एकटी राहतेस, रिकाम्या बिल्डिंगमध्ये रात्री काही झालं तर. त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये, आणि सिनेमा त्यांना व्हिलन करत नाही. पण निर्णय तिचा आहे. क्लाराला पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, एक स्तन काढलेला आहे, एका माणसाशी जवळीक होते तर तो हे कळल्यावर हळूच मागे सरतो, आणि ती घरी जाते, रडारड नाही, गाणं लावते. बिल्डरकडचा माणूस तरणाबांड, हसतमुख, उच्चशिक्षित, आवाज न चढवता बोलणारा. तो वरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये रात्रभर पार्ट्या करवतो, आणि शेवटी कळतं की वर मुद्दाम वाळवी आणून सोडलीये. ती वाळवी लागलेली लाकडं घेऊन क्लारा त्यांच्या एसी ऑफिसात जाते आणि टेबलावर ओतते. मी ठाण्यात राहते, मला हा सिनेमा ब्राझीलचा वाटलाच नाही.

कारण साठीच्या माणसाचा आज मुंबई-ठाणे-पुण्यातला सगळ्यात मोठा प्रश्न कुठला म्हणाल तर मुलगा सांभाळतो का हा नाहीये, रिडेव्हलपमेंट हा आहे. १९८०च्या आसपासच्या सोसायट्या, तेव्हा तिशीत फ्लॅट घेतलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे गेलीत, मतदान त्यांचं आहे. नियमाप्रमाणे ५१ टक्के सभासदांनी हो म्हटलं की बिल्डिंग पडणार. मीटिंगमध्ये कॉर्पस किती, कार्पेट एरिया किती वाढणार, भाडं किती महिन्यांचं देणार यावर तीन तास घासाघीस होते, पण जो प्रश्न प्रत्येक म्हाताऱ्याच्या पोटात असतो तो कुणी विचारत नाही, की तीन वर्षं म्हणताय, पाच लागतील, तोवर मी असेन का? मला भाड्याने घर कोण देणार, घरमालक वय विचारतो. देवघर, लोखंडी कपाटं, नवऱ्याची पुस्तकं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात कुठे मावायची. समोरच्या वहिनी, ज्यांच्याकडे चाळीस वर्षं वाटीभर साखर मागितली, त्या जाणार लेकीकडे, म्हणजे गेल्याच. आणि न्यू जर्सीहून मुलाचा व्हिडिओ कॉल, आई सही करून टाक, लिफ्ट मिळेल, तुझ्या गुडघ्यांसाठीच सांगतोय. तो बरोबर बोलतोय! चौथा मजला, जिना, गुडघे, सगळं खरं. इथे कुणी वाईट नाही, आणि तरी बाईला रात्री झोप लागत नाही. यात सिनेमा नाही असं कुठला लेखक म्हणेल? पण कुणी लिहीत नाही, आणि लिहिला तर मला भीती आहे की तो सिनेमा त्या न्यू जर्सीतल्या मुलाचा होईल, तो येणार, जुनं घर बघणार, लहानपण आठवणार, पावसात रडणार.

दुसरी एक न झालेली गोष्ट सांगते, छोटी. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका आज स्वतः पासष्टच्या आहेत आणि घरात नव्वदीची सासू किंवा आई आहे. म्हणजे म्हातारीच म्हातारीचं करतेय. सिनेमात सेवा करणारी मुलगी नेहमी चाळिशीची, दमलेली पण सुंदर. इथे जी डायपर बदलतेय तिचीच कंबर धरलीये, रात्रपाळीची बाई न सांगता सुट्टी घेते, ब्युरोवाला फोन उचलत नाही, आणि मनात येऊ नये ते येतं, की हिचं झालं की माझं सुरू होणार, मधे मला काही मिळणारच नाही का. हे वाक्य मी तीन-चार मैत्रिणींकडून ऐकलंय, वेगवेगळ्या शब्दांत, आणि प्रत्येकीने बोलल्यावर लगेच कानाला हात लावलाय.

आता धंद्याचं. प्रोड्यूसर म्हणतात की हा प्रेक्षक थेटरात येत नाही. मग २०२३ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा कोण आलं होतं? केदार शिंदेचा सिनेमा, सहा बहिणी, कुणीच कोवळी नाही, आणि त्यात सगळ्यात मोठी बहीण रोहिणी हट्टंगडी, तेव्हा खरोखर बहात्तरच्या, त्याआधी एकोणचाळीस वर्षांपूर्वी 'सारांश'मध्ये ज्यांना पावडर लावून म्हातारं केलं होतं त्याच. बायका ग्रुपने गेल्या, नऊवारी नेसून गेल्या, मराठीतल्या सगळ्यात जास्त कमावलेल्या सिनेमांमध्ये तो गेला. सिनेमा म्हणून मला तो अर्धाच आवडला, मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरलं की सगळे प्रश्न सुटतात हे मला पटलं नाही, पण त्यातल्या बायकांना एकमेकींचे राग होते, जुने, मुरलेले, बहिणीबहिणींचे, आणि हॉलमध्ये त्या जागांवर जी शांतता व्हायची ती मी अनुभवलीये. येतो हा प्रेक्षक. फक्त शो दुपारचा ठेवा, रात्री पावणेअकराचा ठेवून मग आकडे दाखवू नका. आणि अंधारात पायऱ्या चढताना धरायला कठडा द्या, इंटरव्हलला माझ्या वयाची निम्मी माणसं टॉयलेटला जातच नाहीत, पडायच्या भीतीने.

नटांचीही अडचण नाही. खरी साठी-सत्तरीची माणसं आज आहेत, उत्तम काम करणारी, आणि खऱ्या वयाचा फायदा असा असतो की त्यांना वाकून चालावं लागत नाही. तरुण नट म्हातारा करतो तेव्हा हात थरथरवतो, खोकतो. खरा पासष्टचा माणूस खुर्चीतून उठताना आधी क्षणभर थांबतो, हिशोब करतो, एक हात मांडीवर, एक हात्यावर, आणि बोलणं न थांबवता उठतो, आपण हिशोब केला हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. सोनिया ब्रागा त्या सिनेमात झोपाळ्यातून उठते, केस वर बांधते, समुद्रात जाते, त्यात कुठेही वय दाखवणं नाही आणि वय सगळीकडे आहे. आपल्याकडे अशा नटांना बोलावतात ते हिरोच्या लग्नात आशीर्वाद द्यायला किंवा हॉस्पिटलच्या कॉटवर. दोन दिवसांचं शूटिंग, तिसऱ्या दिवशी फोटोला हार.